दिवाळीनंतरचा रिकामा महिना

मराठी अक्षरजुळणीच्या धंद्यात नोकरी सोडायला सर्वांत वाईट वेळ कोणती, असं कुणाही जुन्या माणसाला विचारा. तो सांगेल, दिवाळी संपल्या संपल्या. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि पुढे या एका सणाभोवती लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक, छापखाने अशा सगळ्यांचंच वर्ष बांधलं गेलं. जुलैपासून मजकूर यायला लागतो, ऑगस्ट-सप्टेंबरात पानं लावणारे रात्री जागतात, अंक स्टॉलवर जातो आणि मग एकदम सामसूम. तुमच्या हातातला हा अंकही असाच कुणीतरी जागून लावलेला आहे.

ज्या बाईंची ही हकिकत आहे, त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर नोकरी सोडली. पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेत अकरा वर्षं त्या पानं लावत होत्या. सिंहगड रोडवरच्या फ्लॅटमध्ये मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर नवा संगणक मांडला, तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढला आणि घरून काम सुरू केलं. म्हणजे, काम करायची तयारी सुरू केली. काम नव्हतंच. त्यांनी मला सगळं मोकळेपणानं सांगितलं, फक्त नाव छापू नका म्हणाल्या, कारण जुन्या ठिकाणाहून आता त्यांना अधूनमधून कामं येतात. त्यांच्या साऱ्या अडचणीचं मूळ नावातच होतं, हे पुढे कळेल, म्हणून ही विनंती मला जरा गमतीची वाटली. असो, आपण त्यांना ताई म्हणू. छापखान्यांत त्यांना सगळे तेच म्हणतात.

पहिल्या आठवड्यात ताईंनी फोनमधल्या ओळखीच्या लोकांना निरोप धाडले : मी आता स्वतंत्रपणे अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करते, काम असल्यास कळवावे. उत्तरादाखल अंगठे आले, फुलं आली, ‘हार्दिक शुभेच्छा’ आल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, शनिवार आणि नारायण पेठेतल्या छापखान्यांत फिरल्या. सगळ्यांनी चहा पाजला. एकानं स्पष्टच सांगितलं, “ताई, आमच्याकडे पोरगा आहे, तो पानाला तीस रुपयांत करतो. तुम्ही किती घेणार?” ताई पन्नास म्हणणार होत्या, तोंडातून चाळीस निघालं, तरी काम मिळालं नाही. दुसऱ्यानं विचारलं, “तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा सीझन आहे. लग्नपत्रिका कराल?” ताईंनी नाही म्हटलं. पुस्तकं लावणाऱ्या माणसानं पत्रिका कशा करायच्या, असं त्यांना तेव्हा वाटलं. मला विचाराल तर तो नकार महाग पडला. पत्रिकेचे पैसे थोडे असतात, पण ती नेणारा माणूस लगेच पैसे देतो, आणि महिनाभर छापखान्यात पाय राहतो. ताई अजूनही हे मान्य करत नाहीत.

घरी वेगळीच तऱ्हा होती. नोकरीवर असताना दिवसभर कुणी हाक मारत नसे. आता सासूबाई म्हणायच्या, “अगं, तू घरीच आहेस तर गॅसवाल्याकडे लक्ष ठेव.” शेजारच्या तीन घरांची कुरिअरं ताईंकडे येऊ लागली. “आई, मी काम करतेय,” असं म्हणावं तर पडद्यावर रिकामं पान. महिना संपला तेव्हा एकही बिल फाडलेलं नव्हतं.

कामं का आली नाहीत? हंगाम हे एक कारण झालं. दुसरं कारण ताईंना एका रात्री कपाटातली पुस्तकं चाळताना दिसलं. मराठी पुस्तकाच्या सुरुवातीला, शीर्षकपानाच्या पाठीमागे, बारीक अक्षरात एक यादी असते : प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी. मुखपृष्ठापुढे चित्रकाराचं नाव असतं. अक्षरजुळणीपुढे बहुतेक वेळा संस्थेचं किंवा छापखान्याचं असतं. अकरा वर्षांत ताईंनी लावलेल्या प्रत्येक पुस्तकात तिथे मालकाची संस्था होती. लेखकांना ताईंचा आवाज माहीत होता, कारण प्रुफांच्या दुरुस्त्या त्याच फोनवर घेत. पण लेखकाच्या मनात ते काम ‘ऑफिसचं’ होतं. दाखवायला त्यांच्याकडे एकही पान स्वतःच्या नावावर नव्हतं. बाजाराच्या लेखी त्या पहिल्याच दिवशी आलेल्या होत्या, आणि पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला बाजार भावावरच तोलतो. तीसवाला पोरगा तिथे जिंकणारच.

त्या रिकाम्या महिन्यात ताईंनी दोन गोष्टी केल्या, ज्यांचा उपयोग तेव्हा दिसत नव्हता. पहिली, आधार आणि पॅनवर विनामूल्य होणारी ‘उद्यम’ नोंदणी. दुसरी, जुन्या ऑफिसातून भंगारात चाललेला एक डबडा संगणक घरी आणला. त्यात विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि जुने सगळे मराठी फॉन्ट होते. “एक तर काम नाही, त्यात दुसरा कॉम्प्युटर!” असं म्हणून सासूबाईंनी त्यावर टेबलक्लॉथ टाकला.

पहिलं काम त्या टेबलक्लॉथखालून निघालं.

डिसेंबरात वाईहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. पूर्वी ताईंनी त्यांच्या एका पुस्तिकेची दुरुस्ती करून दिली होती. २००३ साली त्यांनी तालुक्यातल्या जत्रा-यात्रांवर २१२ पानांचं पुस्तक स्वखर्चानं काढलं होतं. प्रती संपल्या. आता त्यात भर घालून नवी आवृत्ती काढायची होती आणि नातवाला त्याचं ई-पुस्तक करायचं होतं. छापखान्यानं दिलेली सीडी गुरुजींनी जपून ठेवली होती. नातवानं फायली संगणकात घेतल्या, पण त्या उघडेनात. त्यातला मजकूर कसाबसा बाहेर काढला तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, चलनांच्या खुणा आणि अवतरणचिन्हांचा कचरा. “फायली खराब झाल्या वाटतं, सगळं परत टाइप करून द्याल का?” गुरुजींनी विचारलं.

फायली खराब झालेल्या नव्हत्या. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ अशा प्रणालींवर चालायचं. त्या काळच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : अर्धा स एका खणात, काना दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. संगणकाला वाटायचं, आपण इंग्रजी साठवतोय. पडद्यावर त्या फॉन्टमुळे मराठी दिसायची. फॉन्ट काढून घेतला की आतलं रोमन उघडं पडतं. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला तरी हेच होतं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि इनडिझाइनच्या आताच्या आवृत्त्या तिच्या `.pmd` फायलींना हातही लावत नाहीत. त्यामुळे ज्याच्याकडे जुनं यंत्र आहे, त्याच्याकडेच त्या फायली माणसासारख्या उघडतात.

पुन्हा टाइप करणं ताईंना सोपं होतं आणि पैसेही सरळ मिळाले असते. पण त्यांनी गुरुजींना समजावलं, की २००३ च्या मजकुराची प्रुफं तेव्हा तीनदा तपासलेली आहेत. नव्यानं टाइप केलं की नव्या चुका येणार आणि २१२ पानं पुन्हा तपासावी लागणार. त्यापेक्षा आहे तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवू. पानाला चाळीस रुपये ठरले, म्हणजे ८,४८० रुपये. दोन दिवसांचं काम असेल, असा ताईंचा अंदाज होता. लागले नऊ.

मजकूर उतरवणारी साधनं मिळतात. खणाखणाचा तक्ता असतो, या खुणेच्या जागी हे अक्षर, असं यंत्र बदलत जातं. घोळ होतो तो क्रमाचा. जुन्या पद्धतीत अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवलेली असत, आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं साठवतात. ‘स्थिती’ घ्या. पहिली वेलांटी डोळ्याला सर्वांत आधी दिसते, म्हणून जुन्या फायलीत ती अर्ध्या स च्याही आधी आहे. युनिकोडमध्ये ती स्थ च्या नंतर यायला हवी. बावळट साधन तिला एकाच घरानं पुढे ढकलतं. ती अर्ध्या स ला जाऊन चिकटते आणि पडद्यावर टिंबांचं एक पोरकं वर्तुळ उमटतं. रफाराचं उलटं. ‘मूर्ती’मधला रफार जुन्या फायलीत शेवटी असतो, युनिकोडला तो त च्या आधी हवा. तो जागचा हलला नाही की ‘मूतीर्’ होतं, ‘वर्षे’चं ‘वषेर्’ आणि ‘कार्य’चं ‘कायर्’ होतं. मराठी वृत्तपत्रांच्या जुन्या संकेतस्थळांवर हे शब्द अनेकांनी पाहिले असतील. ते लिहिणाऱ्याचं अज्ञान नव्हतं, क्रम न उलटणाऱ्या यंत्राची करामत होती.

ताईंनी या चुका वाचून शोधल्या नाहीत. दोनशे पानं वाचताना डोळा शब्द आपोआप दुरुस्त करून घेतो, चूक दिसतच नाही. त्यांनी चुकीचा आकार शोधला. पाय मोडल्याच्या खुणेमागे लगेच वेलांटी आली असेल, तर तिथे नक्की गडबड आहे, कारण शुद्ध मराठीत असं कुठेच होत नाही. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला र आला, तर दहातल्या नऊ वेळा तो भरकटलेला रफार आहे. या दोन शोधांत सहाशेच्या वर जागा सापडल्या. ताईंनी त्या एकेक करून पाहिल्या. सरसकट बदल केला असता, तर मुद्दाम तसे लिहिलेले शब्दही बदलले गेले असते. गावांची आणि देवांची नावं त्यांनी २००३ च्या छापील प्रतीशी ताडून घेतली.

सर्वांत जास्त वेळ एका अशा गोष्टीनं खाल्ला, जी छापल्यावर कुणाला दिसलीही नसती. ‘दुसऱ्या’, ‘यात्रेकऱ्यांचा’ या शब्दांतला अर्धचंद्रासारखा र दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत साधा र, पाय मोडल्याची खूण आणि तिच्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. दुसऱ्या रीतीत साध्या र ऐवजी वेगळं अक्षर, ऱ, वापरतात. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण ई-पुस्तकात ‘दुसऱ्या’ शोधायला गेलात तर यंत्र त्यातले निम्मेच दाखवेल, कारण त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. गुरुजींच्या फायलीत जुना मजकूर एका रीतीनं उतरला होता आणि नव्यानं घातलेली भर नातवानं दुसऱ्या रीतीनं टाइप केली होती. ताईंनी सगळं एका रीतीवर आणलं. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मी मेल्यावरही कुणी गावाचं नाव शोधलं तर सापडेल ना? मग घ्या नऊ दिवस.”

पैसे त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवले. त्याहून मोलाचं म्हणजे तालुक्यातल्या इतर लिहित्या माणसांना सांगितलं. महाराष्ट्रात असे लोक गावोगाव आहेत. कुणी घराण्याचा इतिहास काढलेला, कुणी संतचरित्र, कुणी शाळेची शताब्दी स्मरणिका. १९९५ ते २०१० या काळात छापलेल्या अशा पुस्तकांच्या सीड्या कपाटात पडून आहेत. काही सीड्या आता वाचल्या जात नाहीत, तिथे ताईंचाही इलाज चालत नाही. मग छापील प्रतीवरून टाइप करणं किंवा स्कॅन करून अक्षरओळख करणं, एवढंच उरतं, आणि मग प्रुफं पहिल्यापासून. पण वाचली जाणारी सीडी आली की त्या कामाला तीसवाला पोरगा नव्हता. त्याचा जन्म आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती एकाच सुमारासची. ताई पानांचा भाव सांगत फिरत होत्या तेव्हा दारं बंद होती. ज्या जुनाट शिक्षणाची त्यांना लाज वाटत होती, त्याला मात्र गिऱ्हाईक होतं.

जानेवारीत हंगामानंही थोडी कूस बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन होतं, आणि संमेलनातल्या ग्रंथविक्रीसाठी पुस्तकं गाठण्याची प्रकाशकांची धावपळ सुरू झाली. एका प्रकाशकाचा नेहमीचा माणूस आजारी पडला आणि एक कथासंग्रह ताईंकडे आला. मजकूर लावला तर १६३ पानं भरली. इथे आकारमानाचा हिशोब समजून घ्यायला हवा. डेमी आकारात कागदाच्या एका तावावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं बसतात, त्याला एक फॉर्मा म्हणतात. १६० पानं म्हणजे बरोबर दहा फॉर्मे. १६३ झाली की तीन पानांसाठी अकरावा फॉर्मा उघडावा लागतो. ५०० प्रतींना ५०० ताव, म्हणजे आख्खी एक रीम, शिवाय प्लेटा आणि छपाई, आणि शेवटी तेरा कोरी पानं.

नोकरीत असताना ताई असल्या वेळी मालकाला विचारत. आता विचारायला कुणी नव्हतं. अक्षर बारीक करणं हा सोपा उपाय, पण तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. त्यांनी परिच्छेदांच्या शेवटच्या ओळी पाहिल्या. जिथे एकच शब्द लोंबकळत होता, ‘होती.’ किंवा ‘म्हणाला.’, तिथे आधीच्या ओळींतल्या शब्दांमधलं अंतर केसभर आवळून तो शब्द वर घेतला. प्रत्येक ठिकाणी एक ओळ वाचली. ज्या कथेचं शेवटचं पान चार-पाच ओळींचंच होतं, तिथे एवढ्यानं पान सुटलं. अशा तीन कथा सापडल्या आणि पुस्तक १६० वर आलं. सोबत ताईंनी प्रकाशकाला एका ओळीचा निरोप पाठवला : अकरावा फॉर्मा वाचवला आहे. पानाला किती घेता, हा प्रश्न त्या प्रकाशकानं पुन्हा विचारला नाही.

बिल करताना ताईंनी एक मागणी केली. शीर्षकपानामागे ‘अक्षरजुळणी’पुढे माझं नाव हवं. प्रकाशक जरा थबकला, मग म्हणाला, “घाला की, त्याला काय पैसे पडतात?” पैसे पडत नाहीत हे खरंच. तेव्हापासून त्या दराच्या पत्रकातच ही अट लिहितात, खाली फोन नंबरासकट. फळ यायला वेळ लागला. त्या ओळीवरून पहिला अनोळखी फोन आला तो सहा महिन्यांनी, सोलापूरहून.

पैसे मात्र अडकले. कथासंग्रहाचं बिल जानेवारीतलं, मार्च उजाडला तरी ‘पाठवतो’ चालूच. उद्यम नोंदणी इथे कामाला आली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, हा कायदा २००६ पासून आहे. त्याला फारसं कुणी विचारत नसे. पण आयकरात नवी तरतूद आली, की मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाही. मार्च २०२४ ही त्या तरतुदीखालची पहिली वर्षअखेर होती. ताईंनी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापला होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रकाशकाच्या हिशोबनिसाचा स्वतःहून फोन आला, “मॅडम, खात्याचा नंबर पाठवा, एकतीसच्या आत टाकायचेत.” तक्रार नाही, वादावादी नाही. हे सगळ्यांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. स्वखर्चानं एखादं पुस्तक काढणाऱ्या लेखकाला असल्या वजावटीशी काही देणंघेणं नसतं. त्यांच्याकडून ताई आता निम्मे पैसे आधी घेतात.

भावातही बदल झाला, आणि तो ताईंना सगळ्यात जड गेला. पानाच्या दरात किती प्रुफं धरलेली आहेत, हे त्या आधी कुणाला सांगतच नसत. एका लेखकानं पाचव्या प्रुफात तीन प्रकरणांचा क्रम बदलला, तेव्हा त्यांनी हिशोब मांडला. पन्नास रुपयांच्या पानाचे त्यांच्या हाती बाराच रुपये पडले होते. तीसवाल्या पोराच्याही खाली. आता पत्रकात लिहिलेलं असतं : दोन प्रुफं दरात, पुढच्या प्रत्येक प्रुफाला पानामागे आठ रुपये, लेखकानं मजकूर बदलल्यास वेगळे. काही लेखक नाराज झाले. बरेचसे दुसऱ्या प्रुफातच नीट वाचू लागले.

सासूबाईंनी आता त्या जुन्या संगणकावरचा टेबलक्लॉथ काढून देवघराच्या चौरंगाला घातला आहे. कुरिअरं मात्र अजून ताईंकडेच येतात.

हा लेख लिहिताना मी त्यांना विचारलं, या वर्षी दिवाळी संपल्यावर काय? त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. सीडीवरची सगळी कामं त्या आता पावसाळ्यात घेतच नाहीत, मुद्दाम नोव्हेंबरवर ढकलतात. लोकांना घाई नसते. वीस वर्षं कपाटात पडलेलं पुस्तक आणखी चार महिने थांबतं. या नोव्हेंबरसाठी तीन पुस्तकं ठरली आहेत. दोघांचे निम्मे पैसे आले आहेत.

“आणि तिसऱ्यांचे?”

“नाही आले,” ताई म्हणाल्या. “म्हणून त्यांची सीडी वाचली जाते की नाही, एवढंच पाहून ठेवलंय. वाचली जाते.”